रिडेम्प्शनचे पैसे उशिरा आले? आधी तारखा मागा, मग 15 टक्क्यांचं व्याज

प्रश्न: फोंड्यातून विचारतोय. 16 डिसेंबर 2025 ला दुपारी 12 च्या आसपास डेट फंडातून 4,80,000 रुपये काढायला ऑनलाइन टाकले, खात्यात आले 2 जानेवारीला. कस्टमर केअरवाले आधी म्हणाले गोव्यात सुट्टी होती, नंतर म्हणाले तुमच्या बँकेकडून पेमेंट परत आलं. आमची बँक मर्ज झालीय, खाते नंबर तोच आहे पण आयएफएससी बदललाय. 26 तारखेला मेल आला की कॅन्सल चेक पाठवा, त्याच दिवशी पाठवला. मधल्या दिवसांचं व्याज मिळतं का? पत्र कसं लिहू? मुलीच्या फ्लॅटचा हप्ता उशिरा गेला म्हणून बिल्डरने व्याज लावलं, तेही मागता येईल का?

उत्तर:

व्याज मिळतं, आणि ते बँकेच्या सेव्हिंगच्या रेटने नाही तर वर्षाला 15 टक्क्यांनी. सेबीचं 25 नोव्हेंबर 2022 चं परिपत्रक आहे, त्यात रिडेम्प्शन झाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत पैसे गुंतवणूकदाराकडे जायला हवेत असं सांगितलंय (परदेशात 80 टक्के किंवा जास्त पैसे लावणाऱ्या स्कीमना 5 दिवस), आणि उशीर झाला तर त्या काळाचं 15 टक्के व्याज द्यायचं, तेही एएमसीने, म्हणजे फंड चालवणाऱ्या कंपनीने, स्वतःच्या खिशातून, स्कीमच्या पैशातून नाही. शिवाय असं व्याज दिलं की त्याची माहिती कंपनीला कंप्लायन्सच्या रिपोर्टमध्ये सेबीला कळवावी लागते. म्हणूनच फोनवरचा मुलगा कधीच "व्याज देतो" असं म्हणत नाही, तो म्हणूच शकत नाही, तो निर्णय कंप्लायन्सवाल्यांकडे असतो. तुम्ही फोनवर कितीही भांडलात तरी तिथून काही निघणार नाही, लेखीच मागावं लागेल.

मी बरीच वर्षं म्युच्युअल फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या रजिस्ट्रारच्या काउंटरवर काढली आणि आता लोकांच्या अशा तक्रारी लिहून देतो. माझ्या बघण्यात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच कारणाने वाया जातात, लोक "मला खूप मनस्ताप झाला, व्याज द्या" असं लिहितात आणि कंपनी "गैरसोयीबद्दल क्षमस्व, आपले पेमेंट 2 जानेवारीस जमा झाले आहे" असं उत्तर देऊन फाइल बंद करते. उत्तर खोटं नसतं, पण त्यात काहीच नसतं. व्याज तारखांवर मिळतं. पैसे कुठल्या दिवशी कोणाकडे पडून होते हे कंपनीच्याच तोंडून लेखी काढायचं, मग व्याज किती हा फक्त गुणाकार उरतो.

तर आधी तुमच्या तारखा नीट लावूया.

16 डिसेंबर 2025, मंगळवार, दुपारी 12. कट-ऑफ 3 वाजताचा, म्हणून त्याच दिवशीची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, लागायला हवी. अकाउंट स्टेटमेंटमध्ये बघा कुठल्या तारखेची एनएव्ही लावलीय, 16 असेल तर घड्याळ तिथून सुरू झालं. इथे 17 दिसत असेल तर तो वेगळाच घोटाळा, मग टाइम स्टॅम्प मागायचा. 16 धरून 3 कामकाजाचे दिवस म्हणजे 17, 18 आणि 19, शुक्रवार. आणि 19 डिसेंबर म्हणजे आपला मुक्तिदिन, गोव्यात बँका बंद, मुंबईत शेअर बाजार चालू.

आता इथे कस्टमर केअरवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्या परिपत्रकातच अँफीला, म्हणजे म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेला, सांगितलं होतं की 3 दिवस पाळणं शक्य नसेल अशा अपवादात्मक परिस्थितींची यादी सेबीशी बोलून काढा आणि प्रत्येकीला किती जास्त वेळ द्यायचा तेही लिहा. त्या यादीत एक ओळ अशी आहे की बाजार चालू पण गुंतवणूकदाराचं खातं ज्या राज्यात आहे तिथे बँक हॉलिडे, तर सुट्टीनंतरचा 1 कामकाजाचा दिवस जास्त. गोव्याला ही ओळ डिसेंबरात हमखास लागते, 3 तारखेला जुन्या गोव्यातलं सायबाचं फेस्त आणि 19 ला मुक्तिदिन, दोन्ही दिवशी मुंबईवाले कामावर असतात. तुम्ही म्हणाल एनईएफटी आणि आरटीजीएस तर आता चोवीस तास बाराही महिने चालतात, मग सुट्टीचा काय संबंध. मुद्दा बरोबर आहे, पण यादीत सवलत दिलीय ती दिलीय, त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नका. एक दिवस सोडून द्या. तुमची मुदत 22 डिसेंबर, सोमवारला संपली असं धरा. सुट्टीने एवढंच होतं, एक दिवस. 2 जानेवारीपर्यंतचा उशीर मुक्तिदिनाच्या नावावर टाकता येत नाही.

आणखी एक, डेट फंडाचे पैसे एरवी दुसऱ्या दिवशीच येतात, आणि इक्विटीचे दोन दिवसांत द्यायचं अँफीने फेब्रुवारी 2023 पासून ठरवलंय. पण ती इंडस्ट्रीने स्वतःहून केलेली सोय आहे. व्याजाचं मीटर 3 दिवसांच्या मुदतीनंतरच सुरू होतं, म्हणून पत्रात "नेहमी एका दिवसात येतात" असा युक्तिवाद नको, तो वाचून समोरच्याला तुमचा हिशेब कच्चा वाटतो.

आता खरा प्रश्न, पेमेंट परत आलं ते. हे गोव्यात अजूनही बऱ्याच फोलिओत होतं. 1 एप्रिल 2020 ला सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये गेली, लोकांनी चेकबुकं बदलली, पण जुन्या म्युच्युअल फंडाच्या फोलिओत आयएफएससी बदलायचं कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण एसआयपीचे पैसे खात्यातून निघताना काही अडत नाही, अडतं ते पैसे परत येताना. कंपनी आता म्हणणार की जुना कोड तुम्हीच ठेवला, चूक तुमची, व्याज नाही. यावर तुमचं उत्तर तयार पाहिजे आणि ते असं आहे.

पहिलं पेमेंट कधी पाठवलं आणि कधी परत आलं? एनईएफटीत रक्कम जमा करता आली नाही तर समोरच्या बँकेने बॅच झाल्यापासून 2 तासांत ती परत करायची असते. म्हणजे समजा 18 ला पाठवलं असेल तर 18 लाच परत आलं असणार आणि कंपनीला 18 किंवा फार तर 19 ला कळलं असणार. तुम्हाला मेल आला 26 ला. मधले सात-आठ दिवस तुमचे 4,80,000 कंपनीच्या पेआउट खात्यात पडून होते आणि तुम्हाला कोणी एक ओळ लिहिली नाही. जुना कोड ही तुमची उणीव मान्य केली तरी हे न कळवणं तुमच्या खात्यात येत नाही.

दुसरं म्हणजे त्याच अँफीच्या यादीत ऑनलाइन पेमेंट फेल होण्याचीही सोय करून ठेवलीय, आयएफएससी नसणं वगैरे कारणांनी इलेक्ट्रॉनिक पैसे जात नसतील तर चेक किंवा डीडीने द्या आणि त्यासाठी 2 कामकाजाचे दिवस जास्त घ्या. बघा, नियम करणाऱ्यांना हे होणार हे माहीत होतं आणि त्यांनी 2 दिवस दिले, पंधरवडा नाही. म्हणजे सगळं कंपनीच्या बाजूने मोजलं, सुट्टीचा 1 आणि फेल पेमेंटचे 2, तरी 22, 23, 24 डिसेंबर. 24 ला संध्याकाळी मुदत कुठल्याही हिशेबाने संपली.

तिसरं, आणि हे त्यांच्या उत्तरात येण्याची शक्यता जास्त, ते म्हणतील बँक डिटेल बदलली की 10 दिवसांचा कूलिंग पीरियड असतो. असतो, खरं आहे, रिडेम्प्शनच्या आधी किंवा सोबत कोणी बँक खातंच बदललं तर फसवणूक नको म्हणून ते थांबतात. पण तुम्ही खातं बदललेलं नाही, खाते नंबर तोच, नाव तेच, फक्त मर्जरमुळे ब्रँचचा कोड नवा. आणि स्वतः तारीख मोजून बघा, 26 डिसेंबरपासून 10 दिवस म्हणजे 5 जानेवारी, त्यांनी पैसे दिले 2 ला. म्हणजे त्यांनी स्वतःच कूलिंग पीरियड लावलेला नाही, मग उशिराचं कारण म्हणून तो आता पुढे करता येणार नाही. (मर्जरमध्ये ज्यांचा खाते नंबरही बदललाय त्यांची बाजू इथे थोडी लंगडी पडते, त्यांनी बँकेकडून जुना-नवा नंबर एकच असल्याचं पत्र घ्यावं.)

आता पासबुक काढा. 2 जानेवारीच्या एंट्रीत यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, असेल. रक्कम मोठी आहे म्हणून आरटीजीएसने आली असेल तर तो 22 अक्षरांचा असतो आणि त्याच्या पोटातच तारीख असते. असा दिसतो, बँकेचा कोड इथे मी मनाने घातलाय:

```
ABCDR52026010200012345
```

पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची, मग R, मग एक आकडा, आणि त्यापुढचे आठ आकडे 20260102, म्हणजे 2 जानेवारी 2026. यावरून ते पेमेंट 2 तारखेलाच निघालं हे कळतं, तुमच्या बँकेने दाबून ठेवलेलं नाही. हे बघणं फार महत्त्वाचं, कारण उलट निघालं, म्हणजे कंपनीने वेळेत पाठवलं आणि तुमच्या बँकेने उशिरा जमा केलं, तर एएमसीकडे 15 टक्के मागून काही होणार नाही. तिथे बँकेकडे मागायचं, एनईएफटीच्या उशिराला रिझर्व्ह बँकेच्या रेपो रेटवर 2 टक्के असं व्याज बँकेने द्यायचं असतं, आणि 30 दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. तुमच्या केसमध्ये तसं दिसत नाही, पण पासबुक बघूनच पत्र लिहा.

हिशेब सोपा करून देतो. 4,80,000 वर 15 टक्के म्हणजे वर्षाचे 72,000, भागिले 365, रोजचे 197 रुपये 26 पैसे. मुदत 22 डिसेंबर धरली तर 2 जानेवारीपर्यंत 11 दिवस, 2,169.86 रुपये. 24 धरली तर 9 दिवस, 1,775.34. मागताना 11 दिवसांचे मागा, आणि मनात ठेवा की 9 दिवसांच्या खाली येण्याचं कारण त्यांच्याकडे नाही. मधला नाताळ आणि शनिवार-रविवार वजा करू नका. कामकाजाचे दिवस फक्त मुदत मोजायला, एकदा मुदत संपली की उशीर कॅलेंडरच्या दिवसांनी मोजायचा. एखादा दिवस इकडेतिकडे ते मोजतील, जमा झालेला दिवस धरायचा की नाही यावरून, त्यावर अडून बसू नका, पण तुम्ही कसं मोजलं ते पत्रात लिहून ठेवा.

पत्र एएमसीच्या इन्व्हेस्टर रिलेशन्स ऑफिसरच्या ईमेलवर पाठवा, पत्ता स्कीमच्या कागदपत्रांत आणि कंपनीच्या साइटवर असतो, आणि रजिस्ट्रारला कॉपीत ठेवा. फोलिओत नोंदलेल्या मेलवरूनच पाठवा, नाहीतर पहिलं उत्तर "ओळख पटवा" असं येऊन आठवडा जातो. मी इथे मराठीत देतो, पाठवताना इंग्रजीत करा म्हणजे टेबलाटेबलावर अडकणार नाही:

"विषय: फोलिओ क्रमांक अमुक, रिडेम्प्शन दि. 16/12/2025, पैसे देण्यास झालेला उशीर आणि 15 टक्के दराने व्याज.

वरील फोलिओतून मी 16/12/2025 रोजी दुपारी 3 च्या आधी रिडेम्प्शन नोंदवले. रु. 4,80,000 माझ्या खात्यात 02/01/2026 रोजी यूटीआर अमुक याने जमा झाले. गोव्यातील 19/12/2025 ची बँक सुट्टी धरूनही मुदत 22/12/2025 रोजी संपली. कृपया लेखी कळवा: पहिले पेमेंट कोणत्या तारखेला, कोणत्या यूटीआरने पाठवले; ते कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने परत आले; परत आल्याचे मला प्रथम कधी आणि कोणत्या मार्गाने कळवले; माझा कॅन्सल चेक 26/12/2025 रोजी मिळाल्यावर दुसरे पेमेंट कधी मंजूर झाले; आणि आपण अपवादात्मक परिस्थितीच्या यादीतील नेमक्या कोणत्या मुद्द्याचा आधार घेत आहात. 23/12/2025 ते 02/01/2026 या 11 दिवसांचे सेबीच्या 25/11/2022 च्या परिपत्रकानुसार 15 टक्के दराने रु. 2,169.86 व्याज त्याच खात्यात जमा करून हिशेब पाठवावा."

एवढंच. मनस्ताप, वय, मुलीचा फ्लॅट, किती वर्षांपासून ग्राहक, काही नको. सोबत अकाउंट स्टेटमेंट, पासबुकचं ते पान, आणि 26 तारखेचा मेल व तुमचं उत्तर जोडा. तक्रार नंबर आला की जपून ठेवा, पुढे तोच लागतो.

पत्रातला सर्वात जड प्रश्न "मला प्रथम कधी कळवले" हा आहे. कधीकधी कंपनी म्हणते आम्ही 19 ला एसएमएस केला होता. असं उत्तर आलं तर कुठल्या नंबरवर आणि मेसेजचा मजकूर काय ते मागा, आणि तुमचा फोलिओतला मोबाइल नंबर आधीच तपासून ठेवा. तिथे जुना बंद पडलेला नंबर असेल आणि मेसेज खरंच गेलेला असेल तर 26 पर्यंतचे दिवस तुम्हाला सोडावे लागू शकतात, मग 26 च्या पुढचं मागा. तिथेही कॅन्सल चेक त्याच दिवशी देऊन पुढे आठवडा गेलाय, त्याचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल.

काही वेळा फोन येतो, "सर, सदिच्छा म्हणून 500 रुपये देतो, तक्रार मागे घ्या." फोनवर हो म्हणू नका. मेलवर पाठवा म्हणून सांगा, आणि त्यात किती दिवसांचं, कुठल्या दराने व्याज आहे ते लिहायला सांगा. सदिच्छा म्हणून दिलेली रक्कम आणि उशिराचं व्याज या कंपनीच्या वहीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचा हक्क दुसऱ्यावर आहे.

उत्तर आलं नाही किंवा नुसतं क्षमस्व आलं तर सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर, scores.sebi.gov.in वर जा, पॅनने नोंदणी होते, म्युच्युअल फंड निवडून तेच पत्र आणि तेच कागद चढवा. एप्रिल 2024 पासूनच्या नव्या पद्धतीत कंपनीला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही तर 15 दिवसांच्या आत रिव्ह्यू मागा, म्युच्युअल फंडाच्या बाबतीत तो पहिला रिव्ह्यू अँफी बघते, त्यानेही समाधान नाही झालं तर पुन्हा 15 दिवसांत दुसरा, तो सेबी स्वतः बघते. हे 15 दिवस लोक हमखास चुकवतात, मेल प्रमोशनच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो आणि तक्रार आपोआप बंद होते, म्हणून 21 दिवस झाले की स्वतः लॉगिन करून बघा. आणि घटना घडल्यापासून वर्षाच्या आत स्कोर्सवर यावं लागतं. त्यापुढे smartodr.in वर समेट आणि लवाद आहे, पण दोन हजारांसाठी लवादापर्यंत जायची गरज मला तरी आजवर पडलेली नाही, तारखा नीट मांडल्या की बहुतेक वेळा स्कोर्सच्या पहिल्या 21 दिवसांतच व्याज जमा होतं.

राहिला बिल्डरचा विषय. परिपत्रक 15 टक्क्यांवर थांबतं, तुमचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते ते विचारत नाही, कमी असो वा जास्त. म्हणून बिल्डरचं व्याज या पत्रात घालू नका, घातलं की कंपनी त्याच मुद्द्यावर "आमची जबाबदारी नाही" असं लांब उत्तर देते आणि तारखांचे प्रश्न बाजूला राहतात. ते मागायचंच असेल तर आधी हे व्याज आणि लेखी तारखा हातात घ्या, मग वरच्या फरकासाठी समेटात किंवा जिल्हा ग्राहक आयोगात वेगळं मागता येतं, तिथे बिल्डरची डिमांड नोटीस, पावती आणि हप्त्याची तारीख लागेल, आणि हे पैसे त्याच हप्त्यासाठी काढले होते हे दाखवावं लागेल. खरं सांगायचं तर हे सिद्ध करायला कठीण आहे आणि रक्कम दोन-चार हजारांची असेल तर मी तरी पुढे जाणार नाही, मोठी असेल तर वकिलाला कागद दाखवा. बिल्डरलाही एकदा कंपनीचं उत्तर दाखवून व्याज माफ करायला सांगून बघा, फोंड्यासारख्या ठिकाणी समोरासमोर बसून बोललं की ऐकतात.

व्याज आलं की ते फंडाच्या नफ्यात मिसळू नका, रिटर्न भरताना इतर उत्पन्नात दाखवा. आणि बाकीच्या फोलिओंचे आयएफएससी याच आठवड्यात तपासून घ्या, एका रजिस्ट्रारकडचं दुरुस्त केलं म्हणून दुसऱ्याकडचं होत नाही, कॅम्स आणि केफिनटेक दोन्हीकडे वेगवेगळं बघावं लागतं.